आयडेम्पोटंट बदल-स्क्रिप्ट

मजकुरातील शब्द किंवा मूल्ये बदलणारी स्क्रिप्ट एकदा चालवली काय आणि पाच वेळा चालवली काय, निकाल तोच राहत असेल, तर ती आयडेम्पोटंट आहे असे म्हणतात. ही संज्ञा बीजगणितातून आली. अमेरिकी गणिती बेंजामिन पर्स यांनी १८७० साली ती प्रथम वापरली. स्वतःशी कितीही वेळा गुणले तरी जशीच्या तशी राहणारी राशी, असा तिचा मूळ अर्थ. संगणकाच्या भाषेत हीच अट `f(f(x)) = f(x)` अशी लिहितात.

एखादी स्क्रिप्ट या अटीत बसते की नाही, हे बहुतेक वेळा एका प्रश्नावर ठरते: नव्या मजकुरात जुना मजकूर दडलेला आहे का? "उस्मानाबाद"च्या जागी "धाराशिव" घालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तर तिला बदलायला काही सापडतच नाही. मराठवाड्यातील दुसऱ्या नामांतराचे तसे नाही. जून २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने औरंगाबादसाठी "संभाजीनगर" हे नाव ठरवले, जुलैमध्ये नव्या मंत्रिमंडळाने ते "छत्रपती संभाजीनगर" केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला केंद्राची संमती मिळाली. त्यामुळे एकाच संग्रहातील फायलींमध्ये तिन्ही रूपे भेटतात. त्यांवर पुढील आज्ञा चालवली, तर नव्या नावाच्या पोटात जुने नाव असल्याने प्रत्येक वेळी एक "छत्रपती" वाढतो:

```
sed -i 's/संभाजीनगर/छत्रपती संभाजीनगर/g' *.txt
```

आधीच बरोबर असलेल्या फायली तर पहिल्याच फेरीत बिघडतात. "औरंगाबाद"साठी वेगळा नियम लिहून तो या आज्ञेच्या आधी लावला, तर पहिल्या नियमाचे उत्तर दुसऱ्या नियमाच्या तोंडी जाते आणि "छत्रपती छत्रपती संभाजीनगर" लगेच तयार होते. म्हणूनच नियम एकेकटे तपासून भागत नाही. त्यांची अख्खी साखळी तपासावी लागते.

नेहमीचा उपाय म्हणजे मागे बघणारी अट. पायथन किंवा पर्लमध्ये `(?<!छत्रपती )संभाजीनगर` असा नमुना लिहिला, की आधी "छत्रपती" आणि एक जागा असलेले नाव वगळले जाते. `sed`मध्ये ही सोय नाही. पण या उपायात एक खाच आहे. वर्ड किंवा वेबपानावरून आलेल्या मजकुरात दोन शब्दांमधली जागा साधी नसून न तुटणारी, म्हणजे `U+00A0` असू शकते. पडद्यावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात, स्क्रिप्टला मात्र ही जागा वेगळी वाटते आणि ती आणखी एक "छत्रपती" घालते. या नव्या शब्दानंतर साधीच जागा असते, म्हणून दुसऱ्या फेरीत काहीच बदलत नाही. स्क्रिप्ट आयडेम्पोटंट ठरते, पण मजकूर चुकलेलाच राहतो, आणि दोनदा चालवून पाहण्याच्या चाचणीत ही चूक सापडत नाही.

याहून भरवशाची रीत म्हणजे नवे रूपही शोध-नमुन्यात सामावून घेणे. बदल झाला आहे की नाही हे न विचारता, नावाची सगळी रूपे उचलायची आणि एकाच रूपात परत ठेवायची:

```python
import re
NAMUNA = re.compile(r'औरंगाबाद|(?:छत्रपती\s+)*संभाजीनगर')

def badal(text):
    return NAMUNA.sub('छत्रपती संभाजीनगर', text)
```

येथे `*`मुळे "छत्रपती" एकदाही नसो, एकदा असो वा तीनदा, उत्तर एकच येते. पायथनमधील `\s` न तुटणारी जागाही ओळखते. दोन्ही नियम एकाच फेरीत लागत असल्याने एकाचे उत्तर दुसऱ्याला मिळत नाही. सर्वांत मोठा फायदा असा, की आधीच्या चुकीच्या स्क्रिप्टने दुप्पट केलेली नावेही यात दुरुस्त होतात. फक्त `\s` ओळ संपल्याची खूणही गिळते. ओळींची रचना जपायची असेल, तर तिच्या जागी `[ \u00a0]` लिहावे आणि ओळीच्या शेवटी तुटलेली नावे हाताने पाहावीत. "संभाजीनगरात", "संभाजीनगरचा" यांसारखी रूपे आपोआप बदलतात, कारण नमुन्याला शब्दसीमा लावलेली नाही. देवनागरीसाठी पायथनच्या `\b`वर विसंबूही नये. त्याच्या लेखी काना-वेलांटी अक्षरांत मोडत नाहीत, म्हणून त्याला शब्दाच्या मध्येच सीमा दिसते.

तपासणी दोन पातळ्यांवर करतात. फंक्शनसाठी `badal(badal(t)) == badal(t)` ही अट खऱ्या मजकुराच्या नमुन्यांवर लावतात. फायलींसाठी पहिल्या फेरीनंतर गिटमध्ये नोंद करून स्क्रिप्ट पुन्हा चालवतात आणि मग `git diff --exit-code` देतात. उत्तर शून्य आले, तर दुसऱ्या फेरीत एकही बाइट हललेला नाही. ही दुसरी तपासणी टाळू नये, कारण नमुना निर्दोष असूनही वाचण्या-लिहिण्यात घोळ होऊ शकतो. फाइल `utf-8` म्हणून वाचून `utf-8-sig` म्हणून लिहिली, तर प्रत्येक फेरीत सुरुवातीला तीन बाइटची अदृश्य खूण वाढते. फंक्शनच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

आयडेम्पोटंट स्क्रिप्टचा खरा उपयोग काम मध्येच तुटते तेव्हा होतो. ३०० फायलींपैकी १४० झाल्यावर वीज गेली, तर कुठवर आलो होतो हे शोधत बसावे लागत नाही, पहिल्यापासून पुन्हा चालवता येते. मात्र १४१वी फाइल लिहिली जात असताना काम तुटले असेल, तर ती अर्धवट किंवा रिकामी उरलेली असू शकते. पायथनमध्ये `open(..., 'w')` फाइल उघडताक्षणी रिकामी करते, आणि रिकाम्या फाइलवर स्क्रिप्ट कितीदाही चालवली तरी मजकूर परत येत नाही. म्हणून नवा मजकूर त्याच फोल्डरमधील तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहावा आणि मग `os.replace`ने मूळ फाइलच्या जागी ठेवावा. मजकूर बदललाच नसेल तर फाइलला हातही लावू नये.

काही बदल मात्र नमुना कितीही नीट लिहिला तरी आयडेम्पोटंट होत नाहीत. दोन नावांची अदलाबदल दुसऱ्या फेरीत उलटून पूर्वपदावर येते. ५ टक्के दरवाढीत २०० चे २१० होतात आणि पुन्हा चालवल्यास २२०.५०. २१० या आकड्याकडे पाहून तो जुना दर आहे की वाढवलेला, हे कळायला मार्ग नाही. तेव्हा जुना दर वेगळ्या रकान्यात तसाच ठेवून नवा दर नेहमी त्यावरूनच काढतात. ते शक्य नसेल, तर कोणता बदल झाला याची नोंद मजकुराबाहेर ठेवतात. डेटाबेसमध्ये ही नोंद आणि प्रत्यक्ष बदल एकाच व्यवहारात बसवावे लागतात. नाहीतर दर वाढला पण नोंद करायची राहिली, अशा क्षणी काम तुटल्यास पुढच्या फेरीत दर दुसऱ्यांदा वाढतो.

आयडेम्पोटंट असणे म्हणजे बरोबर असणे नव्हे. वरच्या नमुन्याने "छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद)" या वाक्यांशाचे "छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे छत्रपती संभाजीनगर)" होते आणि ते कायम तसेच राहते. बिहारमधील औरंगाबाद जिल्ह्याचे नावही त्यात बदलले जाते. अशा जागा वगळण्यासाठी स्क्रिप्ट आधी फक्त सापडलेल्या ओळी छापेल अशी चालवतात आणि ती यादी माणसाने वाचल्यावरच फायलींना हात लावतात.