लाइव्ह कनेक्शन म्हणजे ताजा डेटा?

"टॅब्लोमध्ये लाइव्ह कनेक्शन ठेवलं की आकडे कायम ताजे राहतात ना?"

नाही. ते मूळ डेटाबेसइतकेच ताजे असतात. डेटा वेअरहाउस रोज पहाटे 2 वाजता एकदाच भरत असेल, तर दुपारी 4 वाजताही डॅशबोर्डवर पहाटेचेच आकडे दिसतील. त्यात 8 आलेखांचा डॅशबोर्ड 40 जणांनी उघडला, तर तेच आकडे आणायला सुमारे 320 क्वेरी जाऊ शकतात. इथे मी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे डेटाची साठवलेली प्रतच निवडेन. मात्र वेअरहाउस पूर्ण भरल्यावरच एक्स्ट्रॅक्ट चालवा. नाहीतर कालची अर्धीच विक्री दिसते, आणि एररही येत नाही. म्हणून कालच्या बिलांची संख्या मूळ टेबलाशी ताडून पाहा.

गोदामातला साठा मिनिटागणिक बदलतो तिथे लाइव्हच हवं. पण तिथेही सर्व्हर कॅशमधला जुना निकाल दाखवू शकतो. तेव्हा रिफ्रेश दाबा.