अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे चार हप्ते आणि व्याजाचा तक्ता: अडत्यांसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्यांच्या तक्त्यात एक गोष्ट वारंवार चुकलेली दिसते. कुणीतरी सांगितलेलं असतं की छोट्या धंद्याला अ‍ॅडव्हान्स टॅक्स एकदाच, १५ मार्चला भरला की झालं. ही सवलत १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडी किंवा ४४एडीए खाली अंदाजित उत्पन्न दाखवणाऱ्यांना आहे. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ४४एडी लागूच होत नाही. अडत हे कमिशनच, त्यामुळे अडत्याला चारही हप्ते भरावे लागतात. यार्डात हे कुणी आधी सांगत नाही, व्याज लागल्यावर कळतं.

पात्रता थोडक्यात अशी: टीडीएस वजा करून वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल, तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरायचा. साठी ओलांडलेल्यांना सूट आहे, पण धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. कागद तीनच लागतात: नफ्याचा हिशोब, फॉर्म २६एएस आणि भरलेली चलनं.

हप्ते १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १००. हे सगळे आकडे एकूण आहेत. प्रत्येक हप्ता सुटा धरून तक्ता केला की पुढचं सगळंच चुकतं. म्हणून एक रकाना ‘त्या तारखेपर्यंत एकूण भरलेले’ असा ठेवा. टक्केवारी लावायची ती वर्षअखेरीच्या प्रत्यक्ष कराला. जूनमध्ये तुम्ही काय अंदाज बांधला होता, ते कुणी विचारत नाही.

आर्थिक वर्ष २०२४-२५ चा एक हिशोब घेऊ. टीडीएस वजा जाता कर ८०,०००. अडत्याने १० जूनला ९,००० भरले, १२ सप्टेंबरला २०,०००, १७ डिसेंबरला २५,००० आणि १४ मार्चला १६,०००. एकूण ७०,०००.

जूनला १५ टक्के म्हणजे १२,००० हवे होते. पहिल्या हप्त्यात १२ टक्के, म्हणजे ९,६०० भरले असते तरी हप्ता कमी पडल्याबद्दलचं कलम २३४सी चं व्याज लागलं नसतं. भरले ९,०००. इथे बरेच जण ६०० रुपयांवर व्याज काढतात. तसं होत नाही. १२ टक्क्यांची मर्यादा चुकली की तूट पूर्ण १५ टक्क्यांपासून मोजतात. म्हणजे ३,००० वर महिना १ टक्क्याने तीन महिने, ९० रुपये. तक्त्यात B1 मध्ये कर आणि C2 मध्ये जूनपर्यंत भरलेले असतील, तर सूत्र असं:

```
=IF(C2>=0.12*B1,0,ROUNDDOWN(0.15*B1-C2,-2)*0.03)
```

शंभराखालची रक्कम सोडायची असते, म्हणून ROUNDDOWN. सप्टेंबरला अशीच सवलत ३६ टक्क्यांची, म्हणजे २८,८०० ची. त्याचे एकूण २९,००० झाले होते, म्हणून व्याज शून्य.

डिसेंबरचा हप्ता मात्र अंगावर आला. १५ तारीख रविवारी होती. सोमवारी १६ ला भरले असते तरी परिपत्रकानुसार चाललं असतं. भरले १७ ला. मुदतीला हवे ६०,०००, जमा २९,०००. उरलेल्या ३१,००० वर पूर्ण तीन महिन्यांचं व्याज, ९३० रुपये. एक दिवस उशीर केला म्हणून एका दिवसाचं व्याज, असा हिशोब या कलमात नाही. डिसेंबर आणि मार्चला १२ किंवा ३६ टक्क्यांसारखी सूटही नाही. मार्चला १०,००० कमी पडले, त्यावर एकाच महिन्याचे १०० रुपये. २३४सी चे एकूण १,१२० रुपये.

आता कलम २३४बी, म्हणजे वर्षाचा एकूण अ‍ॅडव्हान्स टॅक्स कमी पडल्याबद्दलचं व्याज. वर्षभरात ९० टक्के, म्हणजे ७२,००० भरलेले असतील तर हे व्याज लागत नाही. ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम अ‍ॅडव्हान्स टॅक्सच धरली जाते, म्हणून १५ मार्च गेली तरी हात झटकून बसू नका. याने महिनाअखेरीस आणखी २,००० भरले असते तर २३४बी टळलं असतं. आता मात्र कमी पडलेल्या पूर्ण १०,००० वर एप्रिलपासून महिना १ टक्का. २० जुलैला भरले तर अपुरा जुलैही पूर्ण महिना धरून चार महिने, ४०० रुपये.

चलन भरताना अ‍ॅडव्हान्स टॅक्ससाठी मायनर हेड १०० आणि २०२४-२५ च्या करासाठी असेसमेंट इयर २०२५-२६ निवडायचं. ३०० निवडलं, तर पैसे जमा दिसतात पण ते सेल्फ असेसमेंटमध्ये जातात. म्हणून चलन भरल्यावर आयकर पोर्टलवरच्या एआयएस मध्ये हेड आणि वर्ष तपासा.

जुलैत भरताना मात्र ३०० च निवडायचं, आणि नुसते १०,००० भरायचे नाहीत. भरलेली रक्कम आधी व्याजात वळती होते आणि उरलेली कराला लागते, त्यामुळे तेवढीच भरली तर करात १,५२० ची बाकी राहते. पूर्ण ११,५२० भरा.