शेळी गट योजनेचे अर्ज कुठे अडकतात: गावसभेत मांडलेली माहिती

मंडळी, आपल्या गावातून पशुसंवर्धन खात्याच्या शेळी गट योजनेसाठी गेली काही वर्षे अर्ज जात आहेत आणि त्यांतले बरेच परत येत आहेत. ते का परत येतात हे समजून घेण्यासाठी मी स्वतःचे आणि भाऊकीतल्या चार-पाच घरांचे कागद एकत्र बसून पाहिले. गावातील दहा-बारा कुटुंबांनी शेळीपालनाचा एक गट करावा, हा प्रस्ताव मी त्यानंतरच आपल्यासमोर ठेवत आहे. गट कशासाठी करायचा हे अर्जातल्या अडचणी पाहिल्याशिवाय नीट कळत नाही, म्हणून आधी त्या सांगतो.

पहिला गोंधळ नावातच आहे. योजनेत ‘शेळी गट’ म्हणजे दहा शेळ्या आणि एक बोकड. तो जनावरांचा गट आहे, माणसांचा नाही. आपल्याकडच्या एका बचत गटाने अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्यांनी सगळ्या सदस्यांच्या वतीने एकच अर्ज केला होता. त्यात महिने गेले आणि हाती काही लागले नाही, कारण लाभ व्यक्तीच्या नावाने मिळतो आणि अर्जही ज्याचा त्यानेच करायचा असतो. निवडीच्या प्राधान्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, एक हेक्टरपर्यंत जमीन असलेले, एक ते दोन हेक्टर जमीन असलेले, रोजगार नोंदणी केलेले सुशिक्षित बेरोजगार आणि त्यानंतर या चार प्रकारांत बसणाऱ्या महिला बचत गटाच्या सदस्या, असा उतरता क्रम आहे. बचत गटात असल्याचा फायदा एवढाच, आणि त्यासाठी गटाचे प्रमाणपत्र किंवा गटाच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडावी लागते. म्हणून आपण जो गट करणार आहोत तो अर्ज करणार नाही. अर्ज करणाऱ्या कुटुंबाच्या पाठीशी तो उभा राहील.

अर्ज ah.mahabms.com या संकेतस्थळावर किंवा AH-MAHABMS या अॅपवर भरायचा असतो. माहिती आधार कार्डाप्रमाणे भरावी, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही. मोबाईल क्रमांकाबद्दल मात्र आहे. निवड झाल्याचा आणि कागदपत्रे चढवण्याचा संदेश त्याच क्रमांकावर येतो, आणि कागदपत्रे चढवण्याची मुदत तो संदेश आल्यानंतर थोड्याच दिवसांची असते. आपले लोक अर्ज भरण्याची शेवटची तारीख लक्षात ठेवतात, ती पाळतात आणि निर्धास्त होतात. खरी मुदत त्यानंतर येते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. त्यात ज्यांनी सेवा केंद्रातल्या मुलाचा क्रमांक दिला, किंवा ज्यांचे सिम पैसे न भरल्यामुळे बंद पडले, त्यांना निवड झाल्याचे कळतही नाही. लाभ मिळेपर्यंत क्रमांक बदलू नये अशी सूचना खात्याने दिलेली आहे, परंतु ती अर्जदाराला कोणी वाचून दाखवत नाही, याचे मला वाईट वाटते. घरात ज्याचा फोन रोज चालू असतो त्याचाच क्रमांक द्या.

आता त्या कागदाकडे येतो जो आपल्यापैकी बहुतेकांकडे नाही. योजनेला सातबारा आणि आठ-अ लागतो. सातबाऱ्यावर अर्जदाराचे नाव नसेल तर कुटुंबाचे संमतीपत्र चालते, आणि ज्यांना जमीनच नाही त्यांनी दुसऱ्याची जमीन भाडेतत्त्वावर घेतल्याचा करारनामा जोडला तरी चालते. नियम वाचताना हे सोपे वाटते. आपल्या गावात मात्र सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे, आजोबा जाऊन पंधरा वर्षे झाली आहेत आणि वारसांची नोंद कोणी केलेली नाही. मग संमतीपत्रावर सही कोणी करायची? गेलेला माणूस संमती देऊ शकत नाही, आणि ज्या मुलांनी सही करायची त्यांची नावे उताऱ्यावर नाहीत. अशा वेळी काही जण साध्या कागदावर चार भावांच्या सह्या घेऊन देतात, कार्यालय तो कागद परत पाठवते आणि कारण विचारले तर ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढेच उत्तर मिळते. माणूस चार वेळा तालुक्याला जातो, प्रत्येक वेळी दिवसाची मजुरी बुडते, आणि मूळ अडचण वारस नोंदीची आहे हे त्याला कोणी एका वाक्यात सांगत नाही. हे मी पाहिले आहे, आणि ते बदलले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व वये असलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे द्यावे लागते. हा अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. त्यानंतर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावेही वारसांत घालावी लागतात. ती वगळली तर पुढे हरकत येते आणि सगळे पुन्हा सुरू होते. मृत्यूची नोंदच वेळेत झालेली नसेल तर आधी तो दाखला मिळवावा लागतो आणि त्यालाच काही महिने जाऊ शकतात. म्हणून हे काम निवडीचा संदेश आल्यावर करण्याचे नाही. संदेशानंतरच्या दिवसांत नोटिशीचे पंधरा दिवससुद्धा बसत नाहीत.

शिधापत्रिकेचाही असाच एक अडसर आहे. लाभ एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो आणि कुटुंब कोणते ते शिधापत्रिकेवरून ठरते. दोन भाऊ दहा वर्षांपासून वेगळे राहतात, चुली वेगळ्या आहेत, पण शिधापत्रिका वडिलांचीच एक, अशी घरे आपल्या वस्तीवर बरीच आहेत. दोघांनी अर्ज केले तर एक बाद होतो. जे खरोखर वेगळे राहतात त्यांनी अर्जाच्या आधी तहसीलच्या पुरवठा विभागातून शिधापत्रिका विभक्त करून घ्यावी. जे एकत्र राहतात त्यांनी मात्र केवळ लाभासाठी वेगळे असल्याचे लिहून देऊ नये, कारण स्वयंघोषणापत्रावर सही अर्जदाराची असते आणि चौकशी झाली तर उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

अनुसूचित जाती व जमातीच्या अर्जदारांना जातीचा दाखला लागतो. तो अजून काढला नसेल तर आजपासूनच सुरुवात करावी. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि आपल्या भागात तो निजामाच्या काळातल्या नोंदींत शोधावा लागतो. त्यातल्या बऱ्याच नोंदी उर्दूत किंवा मोडीत असतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा मिळाला तर काम हलके होते. बाकी आधार, बँकेचे पासबुक, रहिवासी दाखला, अपत्य दाखला, वयाचा पुरावा आणि फोटो हे नेहमीचेच आहे.

आता पैशाची बाब. खात्याच्या हिशोबात उस्मानाबादी किंवा संगमनेरी जातीच्या दहा शेळ्या प्रत्येकी 8,000 रुपयांप्रमाणे 80,000, बोकड 10,000 आणि विमा 13,545 असे मिळून गटाची किंमत 1,03,545 रुपये धरलेली आहे. सर्वसाधारण प्रवर्गाला यावर निम्मे अनुदान, म्हणजे 51,773 रुपये मिळतात. अनुसूचित जाती-जमातीला पंचाहत्तर टक्के, म्हणजे 77,659 रुपये मिळतात. उरलेला स्वहिस्सा ज्याचा त्याने भरायचा किंवा त्यासाठी बँकेचे कर्ज घ्यायचे. ‘मोफत शेळ्या’ असे ऐकून अर्ज केलेल्या माणसाला निवडीनंतर 51,772 रुपये भरायला सांगितले की तो मागे सरतो, आणि नंबर पुढच्याकडे जातो. शिवाय 8,000 रुपयांत चांगली दुदाती शेळी बाजारात मिळेलच असे नाही. मिळाली नाही तर वरचा फरक आपल्यालाच घालावा लागतो.

इथे आपला गट उपयोगी पडेल. समजा दहा कुटुंबांनी महिन्याला 500 रुपये प्रमाणे बचत केली, तर महिन्याला 5,000 आणि वर्षात 60,000 रुपये जमतात. वर्षभरात सर्वसाधारण प्रवर्गातील एका कुटुंबाची निवड झाली तर गट त्याचा पूर्ण स्वहिस्सा कर्जाऊ देऊ शकतो आणि वर 8,228 रुपये उरतात. त्याच वर्षी अनुसूचित जातीतील एका कुटुंबाचीही निवड झाली तर त्याचे 25,886 रुपये लागतील. दोघांचे मिळून 77,658 होतात आणि 17,658 रुपये कमी पडतात. तेवढे त्या दोन घरांनी उभे करायचे, हे आधीच ठरलेले असावे. परतफेडीबद्दलही स्पष्ट राहूया. शेळी पाच महिने गाभण राहते आणि करडू विकण्याजोगे व्हायला आणखी सहा ते आठ महिने लागतात. त्यामुळे शेळ्या आल्यावर पहिल्याच महिन्यापासून हप्ता मागितला तर त्या कुटुंबाला शेळीच विकावी लागेल. गाभण शेळ्या घेतल्या तरी हप्ता साधारण दहा महिन्यांनी सुरू व्हावा, आणि हे बैठकीच्या नोंदवहीत सह्यांनिशी लिहिलेले असावे.

गटाचे दुसरे काम बोकडाचे आहे, आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. प्रत्येक लाभार्थ्याकडे एकच बोकड असतो. तोच दीड-दोन वर्षांनंतरही ठेवला तर तो स्वतःच्याच पाठींवर जातो, करडे कमी वजनाची होतात आणि दगावतात. एकट्या घराला दर वेळी नवा बोकड विकत घेणे परवडत नाही. गटातल्या घरांनी आपसांत बोकड बदलले तर विकत घेण्याची वेळ लांबते. फक्त कोणता बोकड कोणाकडून कधी आला याची नोंद ठेवली पाहिजे, नाहीतर फिरून तोच आपल्या घरी येईल.

शेवटी विम्याबद्दल. विमा उतरवताना शेळीच्या कानात बिल्ला मारतात आणि दाव्याचा सगळा आधार तोच असतो. बिल्ला पडला तर लगेच पशुधन अधिकाऱ्याला कळवून नवा मारून घ्यावा आणि पॉलिसीवर त्याची नोंद करून घ्यावी. शेळी मेली तर तिला पुरण्याची घाई करू नये. आधी विमा कंपनीला आणि दवाखान्याला कळवावे, शवविच्छेदन करून घ्यावे आणि बिल्ल्यासह फोटो काढावा. आमच्या आखाड्यावर गेल्या पावसाळ्यात मेलेली एक शेळी वास सुटेल म्हणून त्याच संध्याकाळी पुरली, आणि तिचा दावा तिथेच संपला.

ज्या कुटुंबांना गटात यायचे आहे त्यांनी येत्या बाजारच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारावर चालू सातबारा, आठ-अ आणि शिधापत्रिका घेऊन यावे. सातबाऱ्यावर गेलेल्या माणसाचे नाव असेल तर मृत्यूचा दाखलाही सोबत आणावा. त्या घरांची वारस नोंद आपण आधी मार्गी लावू.