साडेदहा तासांचा फरक आणि न्यूयॉर्कचा टाइम झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

पुण्यात बसून अमेरिकन क्लायंटचे कॉल घेणाऱ्या टीमचा रोस्टर मी बराच काळ सांभाळला. महिन्याच्या शेवटी कॉल लॉग यायचा. त्यातला A कॉलम न्यूयॉर्कच्या वेळेत असायचा आणि मी तो भारतीय वेळेत आणायचे. शीटला तारीख-वेळ म्हणजे निव्वळ एक आकडा. पूर्ण दिवस म्हणजे १, तास म्हणजे १/२४. त्यामुळे साडेदहा तास मिळवायला एक ओळ पुरायची:

```
=ARRAYFORMULA(IF(A2:A="","",A2:A+10.5/24))
```

गूगल शीट्समध्ये B2 मध्ये एकदा लिहिली की सगळा कॉलम भरतो. एक्सेलमध्ये `=A2+10.5/24` लिहून खाली ओढायचं. B कॉलमला तारीख-वेळेचं फॉरमॅट द्यायला विसरू नका, नाहीतर ४५ हजारांच्या घरातले दशांश दिसतील.

मार्च २०२५ च्या लॉगमध्ये ७ तारखेचा संध्याकाळी ६:४५ चा कॉल होता. साडेदहा तास मिळवल्यावर ८ मार्च, पहाटे ५:१५. बरोबर. १० तारखेलाही ६:४५ चाच कॉल होता आणि शीटने पुन्हा ५:१५ दाखवलं. प्रत्यक्षात त्या पहाटे आमच्याकडे ४:१५ वाजले होते. आमची रात्रपाळी पाचला संपायची, त्यामुळे रात्रपाळीतल्या मुलीने घेतलेला कॉल सकाळच्या पाळीच्या नावावर गेला. कुठेही एरर आली नाही. त्या मुलीने स्वतः येऊन विचारलं, तेव्हा कळलं.

साडेदहा तास हा दोन घड्याळांमधला एका क्षणापुरता फरक आहे. टाइम झोन म्हणजे तो फरक कधी किती असतो याचा नियम. भारताचं घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतून भारतीय वेळ काढायला `+5.5/24` बारा महिने चालतं, तिथे फरक आणि नियम एकच ठरतात. आपल्याला सवय त्याची असते, म्हणूनच गफलत होते. न्यूयॉर्कमध्ये मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोनला घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणजे हिवाळ्यात आपण साडेदहा तास पुढे, उन्हाळ्यात साडेनऊ.

नियम शीटला सांगायचा तर बाजूला छोटा तक्ता करा. E मध्ये बदलाचा क्षण, F मध्ये तिथून पुढे मिळवायचे तास:

```
E2  =DATE(2024,11,3)+TIME(2,0,0)   F2  10.5
E3  =DATE(2025,3,9)+TIME(2,0,0)    F3  9.5
E4  =DATE(2025,11,2)+TIME(2,0,0)   F4  10.5
E5  =DATE(2026,3,8)+TIME(2,0,0)    F5  9.5
E6  =DATE(2026,11,1)+TIME(2,0,0)   F6  10.5
```

तारखा मुद्दाम `DATE` ने लिहिल्या आहेत. हाताने 03/09 टाकलं तर भारतीय सेटिंगच्या शीटला ते ३ सप्टेंबर वाटतं. मग B2 मध्ये:

```
=ARRAYFORMULA(IF(A2:A="","",A2:A+VLOOKUP(A2:A,$E$2:$F$6,2,TRUE)/24))
```

शेवटचं `TRUE` महत्त्वाचं. त्यामुळे त्या वेळेच्या आधीचा सर्वांत जवळचा बदल सापडतो, पण त्यासाठी E कॉलम चढत्या क्रमाने हवा. ३ नोव्हेंबर २०२४ च्या आधीची नोंद आली तर `#N/A` दिसेल, तेव्हा तक्ता मागे वाढवा. वेळ मजकूर म्हणून आली असेल तरी `#N/A` च येईल. `ISNUMBER(A2)` ने ते लगेच कळतं. लंडनसाठी फॉर्म्युला हाच, फक्त तक्ता वेगळा.

हा तक्ता न्यूयॉर्कच्या घड्याळातला आहे, हे मात्र विसरू नका. मूळ कॉलम भारतीय वेळेत असून न्यूयॉर्ककडे जायचं असेल, तर तास वजा करावे लागतात आणि बदलाचे क्षणही भारतीय वेळेत लिहावे लागतात: ९ मार्च २०२५ दुपारी १२:३०, २ नोव्हेंबर सकाळी ११:३०.

तपासण्याची माझी पद्धत साधी आहे. क्लायंटचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं, तेव्हा पहिले कॉल आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास येतात. १० मार्चपासून B कॉलममध्ये ते साडेसहाला सरकलेले दिसले पाहिजेत. वर्षभर साडेसातच दिसत असेल तर फॉर्म्युला चुकला आहे. मूळ कॉलमही तपासा. त्यात ९ मार्च २०२५, रात्री २:३० अशी नोंद असेल तर तो न्यूयॉर्कच्या भिंतीवरच्या घड्याळाचा नाहीच, कारण तिथे त्या रात्री दोन ते तीन हा तास आलाच नव्हता. अशा वेळी सर्व्हर यूटीसीत आहे की वर्षभर ईएसटीवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या हिवाळी वेळेवरच ठेवला आहे, ते लॉग पाठवणाऱ्याला विचारा. ईएसटीवर ठेवला असेल तर सरसकट साडेदहा तासच बरोबर.

एक तास मात्र कोणत्याही फॉर्म्युल्याने सुटत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये रात्री एक ते दोन हा तास दोनदा आला. १:२० ची नोंद पहिल्या फेरीतली की दुसऱ्या, हे त्या सेलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. वरचा तक्ता तिला पहिल्या फेरीतली धरतो आणि सकाळी १०:५० दाखवतो, पण ती ११:५० चीही असू शकते. त्या नोंदी मी पिवळ्या करून ठेवते आणि लॉग यूटीसीत मागवते.