तीन आठवड्यांनंतरचा बेडका

सर्दी गेली, ताप उतरला, अंगदुखी थांबली, पण खोकला काही जात नाही. रोज सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं खोकून बेडका काढला की छाती मोकळी वाटते आणि दुपारपर्यंत पुन्हा घुरघुर सुरू. अशा वेळी कुणी म्हणतं, 'खोकलाच आहे, जाईल आपोआप'. कुणी म्हणतं, 'जरा जोरदार औषध घे, एकदाचा निपटून टाक'. दोघांनीही विचारायला हवा होता तो प्रश्न मात्र राहून जातो: किती दिवस झाले?

साध्या सर्दी-पडशानंतरचा खोकला किती दिवस टिकतो, याबद्दल आपला अंदाज जवळपास नेहमीच चुकतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2013 मध्ये याबाबतच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सरासरी जवळपास 18 दिवसांची निघाली. लोकांना विचारलं तर ते सात ते नऊ दिवस सांगत होते. या फरकातच पुष्कळशी अनावश्यक अँटिबायोटिक्स खपतात. दहाव्या दिवशी माणूस वैतागून डॉक्टरकडे जातो, गोळ्या घेतो, अठराव्या दिवशी खोकला मुळातच थांबणार असतो आणि श्रेय मिळतं गोळ्यांना.

इतके दिवस लागतात ते श्वासनलिकेच्या अस्तराची डागडुजी होईपर्यंत. या अस्तरातल्या बहुतेक पेशींच्या टोकावर सूक्ष्म केस असतात, एकेका पेशीवर सुमारे 200. ते सेकंदाला दहा-वीस वेळा एकाच दिशेने, वर घशाकडे, फटकारे मारतात. त्यांच्यावर चिकट स्रावाचा पातळ थर असतो. श्वासातून आत गेलेली धूळ, जंतू, काजळी त्या थराला चिकटते आणि केस तो थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने वर ढकलत राहतात. घशाशी आल्यावर आपण तो नकळत गिळून टाकतो. निरोगी माणसाच्या छातीतही कफ तयार होत असतो, फक्त तो त्याला कधी जाणवत नाही.

विषाणू नेमका या केसाळ पेशींवर हल्ला करतो. त्या मरतात, गळून पडतात आणि काही ठिकाणी अस्तर अक्षरशः उघडं पडतं. झाडणारा केरसुणीसकट गेला आणि सूज आल्यामुळे कचरा मात्र वाढला, अशी स्थिती होते. मग साचलेला कफ वर आणण्याचं काम खोकल्याला करावं लागतं. नव्या पेशी उगवून त्यांच्यावर पुन्हा केस यायला काही आठवडे जातात. म्हणून वैद्यकात तीन आठवड्यांची रेघ मारली आहे. त्याच्या आतला खोकला अल्पकालीन, तीन ते आठ आठवड्यांचा मधला आणि आठच्या पुढचा दीर्घकालीन मानतात. क्षयरोग जास्त आढळतो अशा भागांतले क्षयरोग कार्यक्रम तर तीन आठवड्यांचीही वाट पाहत नाहीत, तिथे दोन आठवड्यांच्या खोकल्यालाच तपासणी सांगतात.

तीन आठवडे उलटले म्हणजे काही गंभीर आहेच, असं मात्र नाही. काहींचा विषाणूनंतरचा खोकला सहा आठवडेही रेंगाळतो. पण तो कसा रेंगाळतो ते पाहावं. डागडुजी चालू असेल तर खोकला आठवड्यागणिक उतरत जातो, बेडका कमी होतो, शेवटी नुसती कोरडी उबळ उरते. बेडका तेवढाच येत राहिला किंवा वाढत गेला, तर तो तयार करणारं काहीतरी छातीत चालू आहे आणि ते शोधलं पाहिजे.

बेडक्याच्या रंगाला लोक फार महत्त्व देतात, तेवढं द्यायचं कारण नाही. हिरवा रंग जंतूंचा नसतो. जंतुसंसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट विकर असतं, त्या पेशी गोळा होऊन फुटल्या की बेडका हिरवा-पिवळा दिसतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही हे होतं. रंगापेक्षा रोजचं प्रमाण किती, ते वाढतंय की घटतंय, वास येतो का आणि रक्ताची रेघ आहे का, हे डॉक्टरला सांगितलं तर त्याला कितीतरी जास्त कळतं.

काही गोष्टींसाठी तीन आठवडेही थांबायचं नाही. बेडक्यात रक्त दिसणं, बसल्या जागी धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ येऊन सोबत मोठा ताप असणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री कपडे भिजतील इतका घाम येणं. चाळिशी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या माणसाचा खोकला एकाएकी बदलला, तर तोही त्याच यादीत. 'माझा हा नेहमीचाच खोकला' असं म्हणणारी माणसं बहुधा धूम्रपान करणारी असतात. त्यांच्या बाबतीत नेहमीच्या खोकल्यात काय बदललं, एवढंच विचारावं.

आता एक उदाहरण घेऊ. 46 वर्षांच्या एक बाई, कधी सिगारेट ओढलेली नाही. सर्दी-तापाने सुरुवात झाली. ताप पाच दिवसांत गेला, खोकला राहिला. दुसऱ्या आठवड्यात त्यांना पाच दिवस लेव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलं गेलं. बरं वाटलं, बेडका कमी झाला. दहा दिवसांनी पुन्हा पूर्ववत. पाचव्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा रोज सकाळी दोन-तीन चमचे पिवळसर बेडका, संध्याकाळी अंग किंचित कोमट आणि वजन तीन किलो कमी. ते वजन त्यांनी स्वतःहून सांगितलं नव्हतं. साडीचे ब्लाउज सैल होतात का, असं विचारल्यावर आठवलं.

स्टेथोस्कोपने छाती जवळपास स्वच्छ ऐकू आली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण स्टेथोस्कोपला काही ऐकू आलं नाही म्हणजे छाती चांगली आहे, असा समज पक्का असतो. फुप्फुसाच्या वरच्या टोकातला छोटा डाग आवाजाने कळेलच असं नाही. एक्स-रेत मात्र उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात धुरकट सावली आणि तिच्या मधोमध पोकळीसारखं काहीतरी दिसलं. छातीच्या एका एक्स-रेत जेवढा किरणोत्सार मिळतो तेवढा निसर्गातून जास्तीत जास्त दहा दिवसांत आपल्याला मिळतच असतो, त्यामुळे त्या भीतीने तो टाळू नये.

पण एक्स-रे सावली दाखवतो, सावलीचं नाव सांगत नाही. ते नाव बेडक्यातून कळतं. बाईंनी पहिल्या दिवशी दवाखान्यातच डबीत थुंकून दिलं. ते पातळ, फेसाळ आणि पारदर्शक होतं, म्हणजे लाळ. तपासणीत काही सापडलं नाही. इथेच अनेकांची तपासणी 'निल' येते आणि सगळे निश्चिंत होतात. दुसऱ्या वेळी त्यांना नीट समजावून सांगितलं: सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापिण्याआधी, पाण्याने चूळ भरायची. मग मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभं राहून दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, क्षणभर रोखायचा आणि पोटापासून जोर लावून खोकायचं. घसा खाकरून आलेलं नको, छातीतून सुटलेलं हवं. डबीत ते घट्ट, चिकट, पिवळट दिसतं, डबी तिरकी केली तर हळू सरकतं. रात्रभर साचलेला कफ सकाळी निघत असल्यामुळे त्यात जंतू मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त.

सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात. जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या नव्या चाचणीला सव्वाशेच्या आसपास पुरतात, शिवाय रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतील का, तेही तीच सांगते. बाईंच्या दुसऱ्या नमुन्यात त्या चाचणीला क्षयाचे जंतू सापडले. औषधाला दाद देणारे होते, म्हणून सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले.

मधल्या त्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी काय केलं? लेव्होफ्लॉक्सॅसिनच्या गटातली औषधं क्षयाच्या जंतूंनाही थोडंफार मारतात. त्यामुळे तात्पुरतं बरं वाटतं, बेडक्यातले जंतू घटतात, तपासणी फसू शकते आणि निदान लांबतं. वर, अर्धवट मार खाल्लेले जंतू त्या औषधाला सरावण्याचा धोका. हे औषध नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या कठीण क्षयाच्या उपचारात वापरावं लागतं, म्हणून ते असं वाया गेलेलं मनाला फार लागतं. दीर्घ खोकल्यात कुणी गोळ्या लिहून देत असेल, तर आधी बेडका तपासायचा का, असं रुग्णाने जरूर विचारावं. डॉक्टर रागावणार नाही. रागावला तरी विचारावं.

सगळ्यांच्या खोकल्यात क्षयच निघत नाही. काहींच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असतात. तिथे कफ डबक्यासारखा साचतो, महिनोन्महिने रोज भरपूर बेडका पडतो आणि साधा एक्स-रे चक्क चांगला दिसू शकतो. ते सीटी स्कॅनमध्येच उमजतं. सिगारेट ओढणाऱ्यांत किंवा वर्षानुवर्षं धुरात राहिलेल्यांत नळीत जोराने फुंकायची चाचणी करतात, कारण आकुंचलेल्या श्वासनलिका फोटोत दिसत नाहीत, फुंकरीच्या वेगात दिसतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीतही एक्स-रेवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. हाडाच्या, हृदयाच्या किंवा छाती-पोटामधल्या पडद्याच्या आड दडलेली गाठ त्यात सुटून जाते, साधारण पाचात एक वेळा. चाळिशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्याचा खोकला कायम असेल, तर 'एक्स-रे नॉर्मल' हा चौकशीचा शेवट नाही.

एक्स-रेत न्यूमोनियाचा डाग निघाला, औषधांनी ताप-खोकला गेला, तरी पन्नाशीपुढच्या आणि धूम्रपान करणाऱ्या माणसाने सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा. श्वासनलिकेत छोटी गाठ असेल, तर तिच्यामागचा कफ अडून तिथेच न्यूमोनिया होतो. औषधाने न्यूमोनिया ओसरतो, गाठ जागची हलत नाही. सहा आठवड्यांत सावली विरली असेल तर ती संसर्गाचीच होती. तशीच असेल, तर आधी सीटी स्कॅन आणि मग श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहावं लागतं.