टेबल वाढलं, आकडे जुनेच

‘रात्री डेटा लोड केला, म्हणून सकाळी रिपोर्ट रेंगाळतोय,’ हे वाक्य नेहमी कानावर पडतं. पण ६० लाख ओळींत ५ लाखांची भर म्हणजे जेमतेम आठ टक्के. तेवढ्याने सेकंदांचं काम तासावर जात नाही.

पोस्टग्रेसचंच उदाहरण घेऊ. `vikri` टेबलात ६० दिवसांच्या ६० लाख नोंदी आहेत. क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा प्लॅनर दर वेळी टेबल वाचत बसत नाही; तो `pg_stats` मध्ये दिसणारी आकडेवारी पाहतो. त्यात प्रत्येक स्तंभातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या, साधारण १०० पर्यंत मूल्यांची यादी आणि प्रत्येकाचं प्रमाण असतं. आपल्या तारखा ६०च, त्यामुळे सगळ्या यादीत बसल्या आणि प्रमाणांची बेरीज झाली १.

आता नव्या तारखेच्या ५ लाख ओळी आल्या. क्वेरीने तीच तारीख मागितली. ती यादीत नाही, म्हणून प्लॅनर उरलेला वाटा काढतो: १ वजा १, शून्य. शून्य ओळी तो धरत नाही, किमान एक धरतो. गंमत म्हणजे फाइलच्या आकारावरून टेबल वाढल्याचं त्याला कळलेलं असतं. वाढलं ते कशाने, हे कळत नाही.

एकच ओळ येणार म्हटल्यावर २० लाखांच्या `grahak` टेबलाशी जोडणी नेस्टेड लूपने करणं स्वस्त दिसतं: इंडेक्समधून एकदा शोधायचं, झालं. प्रत्यक्षात ते शोधणं ५ लाख वेळा होतं. इंडेक्सच्या तीन पातळ्या आणि मूळ ओळ, म्हणजे दर खेपेला चार पानं, एकूण २० लाख पानांना भेटी. हॅश जॉइनने `grahak` एकदाच सलग वाचून काम भागलं असतं. पुढे तिसरं टेबल असेल तर तिथेही हाच चुकीचा ‘एक’ जातो.

`EXPLAIN ANALYZE` मध्ये हे उघड दिसतं (खर्च, वेळ, इंडेक्सचं नाव वगैरे गाळून):

```
Index Scan on vikri (rows=1) (actual rows=500000 loops=1)
```

पार्श्वभूमीत आपोआप चालणारा ऑटोव्हॅक्यूम का धावला नाही? मूळ सेटिंगनुसार ५० अधिक टेबलाचे १० टक्के, म्हणजे ६,००,०५० ओळी बदलल्यावरच तो आकडेवारी नव्याने घेतो. ५ लाख कमी पडले. दुपारपर्यंत आणखी लाखाहून अधिक नोंदी आल्या की तो जागा होतो आणि क्वेरी ‘आपोआप’ सुधारते. मधल्या काळात कुणी सर्व्हर रीस्टार्ट केलेला असतो, आणि श्रेय त्या अंगाऱ्याला मिळतं.

खरा उपाय म्हणजे आकडेवारी स्वतःच ताजी करणं, तेही लोडच्या स्क्रिप्टमध्ये, शेवटच्या ओळी भरल्यानंतर आणि रिपोर्टच्या आधी:

```sql
ANALYZE vikri;
```

लोडच्या आधी चालवून उपयोग नाही. लोड आणि रिपोर्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतील तर तो तिथेच, मधे चालवावा. कमिट न झालेल्या ओळी ऑटोव्हॅक्यूमला दिसत नाहीत, आपल्या `ANALYZE`ला दिसतात. तात्पुरत्या टेबलांना तर ऑटोव्हॅक्यूम हातच लावत नाही. वेळेची धास्ती नको: टेबल कितीही मोठं असो, मूळ सेटिंगला नमुना ३०,००० ओळींचाच घेतला जातो.