एजंटला रोख हप्ता दिलात? पॉलिसी निघाली की नाही, ते असं तपासा

कापूस विकला, केळीचे पैसे हातात आले, की आपल्याकडे विम्याचे हप्ते रोखीनं दिले जातात. घेणारा बहुतेक वेळा गावातला किंवा नात्यातला असतो, म्हणून पावती मागायला जीभ रेटत नाही.

समजा, यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं दिवाळीत एजंटला २४,००० रुपये दिले. आठ दिवसांत कंपनीचं चिन्ह छापलेले रंगीत कागद घरी आले. पुढच्या दोन्ही दिवाळ्यांना एजंट हप्ता घेऊन गेला. म्हणजे ७२,००० रुपये गेले, आणि कपाटात आहे ते फक्त फायद्याचं कोष्टक. असं कोष्टक एक रुपयाही न भरता छापून मिळतं. खऱ्या पॉलिसीवर पॉलिसी क्रमांक, विमा सुरू झाल्याची तारीख, विम्याची रक्कम आणि वारसाचं नाव असतं. नुसता ‘प्रस्ताव क्रमांक’ असेल, तर पॉलिसी अजून निघालेली नाही असं धरा. एजंटच्या स्वतःच्या पावतीपुस्तकातली पावती कंपनीची पावती होत नाही.

खात्री करताना कागदावरच्या नंबरवर फोन करू नका, तो एजंटच्याच माणसाचा असू शकतो. आधारकार्ड घेऊन कंपनीच्या शाखेत जा आणि विचारा: या क्रमांकाची पॉलिसी माझ्या नावावर आहे का? शेवटचा हप्ता कधी जमा झाला? तुमच्याकडे माझा म्हणून कोणता मोबाइल नंबर आहे?

हा तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. काही एजंट अर्जात स्वतःचाच नंबर टाकतात, त्यामुळे हप्ता थकल्याचे मेसेज ग्राहकाला येतच नाहीत. पहिला हप्ता भरून पॉलिसी काढायची आणि पुढचे हप्ते खिशात घालायचे, असाही प्रकार होतो. तिथे पॉलिसी खरी असते, पण बंद पडलेली. म्हणून दुसरा प्रश्नही सोडू नका.

विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे एजंटनं घेतलेला हप्ता, सुट्ट्या सोडून, २४ तासांत कंपनीकडे पाठवायचा असतो. पण तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. हप्ता स्वीकारण्याचा अधिकार नसलेल्या एजंटकडे पैसे दिले, म्हणून ते कंपनीला पोचले असं होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये एलआयसीच्या एका प्रकरणात दिला आहे. त्यामुळे हप्ता शाखेच्या खिडकीवर भरा, नाहीतर कंपनीच्या नावानं चेक द्या. कोरा किंवा ‘बेअरर’ चेक देऊ नका.

नोंद सापडली नाही, तर एजंटशी वाद घालण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि उत्तरही लेखीच मागा. पोलीस ठाण्यात तक्रार देताना हेच उत्तर, पावत्या आणि एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज लागतील. विमा नियामकाकडे १५५२५५ या नंबरवर किंवा bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार करता येते. पैसे परत मिळायला वेळ लागेल आणि तोवर घराला विम्याचं संरक्षण नसेल, म्हणून नवा अर्ज त्याच आठवड्यात थेट शाखेत भरा.